लिंक खरी, पण बोलावणारा कोण?

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. भोपाळच्या अरेरा कॉलनीत दुबईत व्यवसाय असलेल्या एका गृहस्थांना दुपारी एकच्या सुमारास फोन आला. पलीकडच्या माणसाने आपण ट्रायच्या कायदा विभागातून बोलत असल्याचं सांगितलं. तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी बँक खाती उघडली आहेत, सिम कार्डं घेतली आहेत, आता चौकशी होणार. ती मुंबईचे सायबर पोलीस आणि सीबीआयचे अधिकारी करतील, त्यासाठी स्काईप डाउनलोड करा आणि व्हिडिओ कॉलवर या. गृहस्थ आले. मग खोलीचं दार बंद, कॅमेरा सुरू, कुणाशी बोलायचं नाही, आणि प्रश्नांची सरबत्ती. मध्य प्रदेशच्या सायबर पोलिसांना सुगावा लागला आणि ते थेट घरी पोहोचले. कॉल चालूच होता. पोलिसांनी पडद्यावरच्या ‘अधिकाऱ्यां’ना ओळखपत्र दाखवायला सांगितलं, तसा कॉल कटला. पैसे जायच्या आत माणूस सुटला, म्हणून या घटनेची देशभर बातमी झाली.

बातमी वाचताना एक गोष्ट सहज निसटते. या प्रकरणात लिंकमध्ये खोट काढायला जागाच नव्हती. स्काईप हे तेव्हा मायक्रोसॉफ्टचं खरं ॲप होतं, ते उतरवून घेणंही बेकायदा नव्हतं. कॉल खरोखर स्काईपवरच चालला होता. ‘लिंकचं स्पेलिंग नीट बघा’ एवढंच शिकलेला माणूस इथे निर्धास्तपणे आत गेला असता. खोटं होतं ते बोलावणं, आणि ते आलं कसं, ही वाट.

बनावट बैठकांच्या निमंत्रणांबद्दल जे सांगितलं जातं, त्यातला बराच भाग लिंकच्या तपासणीत अडकलेला असतो. ती तपासणी आवश्यक आहे, आणि ती नीट करणारे कमी आहेत म्हणून आधी तीच पाहू. पण तिची हद्द कुठे संपते हे कळल्याशिवाय तिचा उपयोग अर्धाच.

पत्ता वाचायचा तो उलट्या बाजूने. `https://` नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा जो तुकडा असतो, तेवढाच मालकाचं नाव सांगतो, आणि त्यातही शेवटचे भाग महत्त्वाचे. गूगल मीटची लिंक `meet.google.com` अशी सुरू होते आणि रेघेनंतर तीन-चार-तीन अक्षरांचा संकेत येतो. झूमची `us05web.zoom.us/j/` अशी दिसू शकते. पुढचं `us05web` बदलेल, पण रेघेच्या लगेच आधी `zoom.us` असतं. आता हा पत्ता पाहा: `meet.google.us-join.com`. फ्रान्समधल्या सेकोया या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये उघड केलेल्या बनावट मीट-पानांपैकी हा एक. डावीकडून वाचणाऱ्याला ‘मीट, गूगल’ दिसतं आणि डोळा पुढे सरकतो. उजवीकडून वाचणाऱ्याला कळतं की हे घर `us-join.com` नावाच्या कुणाचं तरी आहे, गूगलचं नाव त्याने नुसतं दारावर लावलंय. भारतात एक भाग जास्त मोजायचा: `gov.in`, `nic.in`, `co.in` यांच्याआधीचा शब्द हा खरा मालक. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी `@` दिसला तर त्याच्या डावीकडचं सगळं सोडून द्यावं, कारण ब्राउझर उजवीकडच्या पत्त्यावरच जातो.

मोबाइलवर हे वाचणं अवघड आहे, आणि फसवणारे त्यावरच विसंबून असतात. पत्ता लांब असला की पट्टीत त्याचा तुकडाच दिसतो. म्हणून लिंकवर टिचकी मारण्याऐवजी बोट दाबून धरावं. पूर्ण पत्ता वर येतो. ‘जॉइन मीटिंग’ लिहिलेल्या निळ्या बटणाखाली कोणताही पत्ता असू शकतो, बटणावरचा मजकूर हा पुरावा नव्हे.

पत्त्यापेक्षाही भरवशाची खूण पत्त्यानंतर मिळते. खऱ्या बैठकीत शिरताना तुमच्याकडून काय मागितलं जातं? नाव, माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी, फार तर बैठकीचा पासकोड, कधी स्वतःच्या खात्यात लॉग इन. ब्राउझरमधूनही सहसा जाता येतं. ओटीपी, बँकेचा तपशील, व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाइल, ‘अपडेट’च्या नावाने कुठल्या तिसऱ्याच पत्त्यावरून उतरवायचा प्रोग्राम, दुसऱ्याला फोन चालवू देणारं रिमोट ॲप, यातलं काहीही बैठकीला लागत नाही. सेकोयाने दाखवलेली ती मीट-पानं ‘तुमचा माइक चालत नाही’ असा इशारा द्यायची आणि उपाय सांगायची: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असे. या तीन दाबांत माणूस ती स्वतःच्या हाताने चालवी आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम संगणकात उतरे. विषाणूरोधक सॉफ्टवेअरलाही अशा वेळी गोंधळायला होतं, कारण आज्ञा मालकानेच दिलेली असते.

जून २०२५ मध्ये हंट्रेस या सुरक्षा कंपनीने सविस्तर मांडलेलं एक प्रकरण याच जातीचं, पण अधिक संथ आणि म्हणून अधिक शिकवणारं. क्रिप्टो क्षेत्रातल्या एका संस्थेच्या कर्मचाऱ्याला टेलिग्रामवर अनोळखी व्यक्तीने भेटीची वेळ मागितली आणि कॅलेंडलीची लिंक दिली. निमंत्रण गूगल मीटचं दिसत होतं. टिचकी मारल्यावर मात्र झूमसारख्या दिसणाऱ्या भलत्याच पत्त्यावर नेत होतं. बैठक काही आठवड्यांनी झाली. पडद्यावर त्याच्याच संस्थेतल्या वरिष्ठांचे चेहरे होते, ते कृत्रिमरीत्या घडवलेले. याचा माइक चालेना, तेव्हा त्यांनी झूमचं एक ‘एक्स्टेन्शन’ उतरवून घ्यायला सांगितलं. ते एक्स्टेन्शन म्हणजेच घातक फाइल. संशोधकांनी यामागे उत्तर कोरियाशी जोडला जाणारा गट असल्याचं म्हटलं. आठवड्यांचं अंतर का ठेवलं असावं? माझा अंदाज असा की तोवर निमंत्रण कुठून आलं हे माणूस विसरतो. कॅलेंडरमध्ये ते मुकाट पडून राहतं आणि त्या दिवशी आपल्याच नोंदीसारखं समोर येतं.

कॅलेंडरचा हा गुण निराळा लक्षात घ्यायला हवा. अनोळखी पत्त्यावरून आलेलं निमंत्रण तुम्ही ईमेल न उघडताही कॅलेंडरमध्ये चढू शकतं, आणि ईमेल पुसली तरी नोंद तिथेच राहू शकते. ठरल्या वेळेआधी फोन स्वतःच किणकिणतो, आणि आपला फोन आपल्याला आठवण करून देतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Add invitations to my calendar` असा पर्याय आहे. तिथे `Only if the sender is known` निवडलं की अनोळखी नोंदी आपोआप चढत नाहीत. आधीच चढलेल्या नोंदीला ‘नाही’ असं उत्तर देऊ नये. नकार आयोजकाकडे पोहोचला की हा पत्ता जिवंत आहे हे त्याला कळतं. नोंद स्पॅम म्हणून कळवावी आणि काढून टाकावी.

इथवर पत्ते आणि पानं खोटी होती. पुढची पायरी अशी की पत्ता अस्सल, पान अस्सल आणि चोरी तरीही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘स्टॉर्म-२३७२’ असं नाव दिलेल्या गटाची पद्धत जाहीर केली. हे लोक आधी व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवर कुणा प्रतिष्ठित व्यक्तीच्या नावाने ओळख वाढवत आणि मग टीम्सच्या बैठकीचं निमंत्रण पाठवत. निमंत्रणात एक संकेतांक असे. ‘बैठकीत येण्यासाठी हा संकेतांक इथे टाका,’ आणि ‘इथे’ म्हणजे मायक्रोसॉफ्टचं खरं लॉग इन पान. ही सोय मुळात टीव्हीसारख्या, कळफलक नसलेल्या उपकरणांसाठी आहे: टीव्हीवर संकेतांक दिसतो, तो आपण फोनवर टाकतो आणि टीव्ही आपल्या खात्यात शिरतो. इथे टीव्हीच्या जागी चोराचा संगणक होता. संकेतांक टाकणाऱ्याने आपल्याच खात्याची दारं त्याला उघडून दिली, आणि पासवर्ड कुठेही चोरीला गेला नाही. पत्ता उजवीकडून, डावीकडून, कसाही वाचा. दोष सापडणार नाही. पकडता येण्यासारखी गोष्ट एकच: बैठकीत शिरायला दुसऱ्याने दिलेला संकेतांक मी लॉग इनच्या पानावर का टाकतोय? बैठकीचा पासकोड बैठकीच्या खिडकीतच मागितला जातो, खात्याच्या दारावर कधीच नाही.

आणि मग चेहरे. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला उघड झालेलं अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीचं प्रकरण बहुतेकांनी ऐकलंय: व्हिडिओ बैठकीत खोटा मुख्य वित्त अधिकारी, खोटे सहकारी, आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पंधरा हप्त्यांत गेले. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की त्या कर्मचाऱ्याला पहिली ईमेल आली तेव्हा शंका आली होती. गुप्त व्यवहाराची भाषा त्याला खटकली होती. ती शंका विरली बैठकीत, ओळखीचे चेहरे पाहून. म्हणजे खातरजमा करण्यासाठी त्याने जे साधन मानलं, ते फसवणाऱ्यांनीच पुरवलेलं होतं. अखेरीस उलगडा झाला तो मुख्य कार्यालयाशी स्वतंत्रपणे संपर्क साधल्यावर.

आपल्याकडे याचं देशी रूप ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना स्काईपवर चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सुनावणी’ला बसवलं गेलं. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने कुणीतरी न्यायाधीश बनून बसला होता, शिक्क्याचा आदेशही व्हॉट्सॲपवर आला. ७ कोटी रुपये गेले; पंजाब पोलिसांनी सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवले. मोठा उद्योग चालवणाऱ्याला हे कळू नये का, असं म्हणणाऱ्यांचा मला जरा राग येतो. कोविडनंतर न्यायालयं खरोखर पडद्यावर भरू लागली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खोट्या सुनावणीला बळ मिळालं ते या खऱ्या माहितीतून. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाने आपल्या नावाच्या बनावट संकेतस्थळाबद्दल जाहीर सूचना काढली. तो खोटा पत्ता `scigv.com` वर होता, खरा आहे `sci.gov.in`. एक ठिपका, एक अक्षर आणि शेवटचा भाग यांचा खेळ.

यावरून ‘सरकारी असेल तर `gov.in` असणारच’ असा सोपा नियम कुणी करील, तर तोही फसतो, आणि त्यासाठी लांब जायला नको. मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाचं कार्यालय त्याच अरेरा कॉलनीतल्या बिट्टन मार्केटमध्ये, मेट्रो प्लाझात आहे. राज्याचे वीजदर ठरवणारी ही वैधानिक संस्था, पण तिचं संकेतस्थळ `mperc.in` आहे. नियम काटेकोरपणे लावणारा माणूस खऱ्या आयोगालाच खोटं ठरवील.

समजा, अरेरा कॉलनीतल्या एखाद्या रहिवासी संघाच्या सचिवांना व्हॉट्सॲपवर संदेश आला: वीजदर याचिकेवर आपण हरकत घेतली होती, त्यावर उद्या ऑनलाइन सुनावणी, सोबत लिंक, आणि नोंदणीसाठी हे ॲप उतरवून घ्या. हा दाखला मी रचलेला आहे, पण त्यातला एकेक धागा वर आलेल्या प्रकरणांतलाच. सचिवांनी काय करावं? उत्तर देऊ नये, लिंकही तपासत बसू नये. आधी स्वतःला विचारावं की मी हरकत घेतली होती का, आणि घेतली असेल तर कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नंबरवरून. ईमेलने हरकत पाठवली असताना बोलावणं अनोळखी मोबाइलवरून यावं हीच विसंगती. मग ब्राउझरमध्ये आयोगाचा पत्ता स्वतः टाइप करावा, संदेशातून नव्हे, आणि गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीतूनही नव्हे. जनसुनावणी गुप्तपणे होत नसते. तिची जाहीर सूचना निघते, तीत याचिकेचा क्रमांक, तारीख आणि सहभागी होण्याची रीत असते. संदेशातली तारीख आणि क्रमांक त्या सूचनेशी ताडावेत. जुळले तरी काम संपत नाही, कारण जाहीर सूचना फसवणाऱ्यालाही वाचता येते. म्हणून संकेतस्थळावरच्या कार्यालयीन नंबरवर फोन करून एकच प्रश्न विचारावा: तुम्ही या सुनावणीसाठी व्हॉट्सॲपवर लिंक आणि ॲप पाठवता का? बिट्टन मार्केटमध्ये राहणाऱ्याला तर फोनचीही गरज नाही, भाजी घेऊन येताना तिथे चौकशी करता येते. सगळं खरं निघालं तर आयोगाने स्वतः दिलेल्या लिंकवरूनच बैठकीत जावं. व्हॉट्सॲपवरची लिंक खरी की खोटी हा प्रश्न तेव्हा निकालात निघालेला असतो, कारण ती वापरायचीच नसते.

या सगळ्या खटाटोपाचा गाभा असा: निमंत्रण ज्या वाटेने आलं त्या वाटेने खातरजमा करायची नाही. संदेशातला नंबर, संदेशातली लिंक, ‘खात्री करायची असेल तर आमच्या साहेबांना फोन जोडून देतो’ हे सौजन्य, सगळं त्याच वाटेवरचं. ट्रायच्या नावाने बोलणाऱ्याने अरेरा कॉलनीतल्या गृहस्थांना थेट मुंबईच्या ‘सायबर पोलिसां’कडे सोपवलं, तेव्हा ती खातरजमा वाटली असेल, प्रत्यक्षात तो दुसऱ्या खुर्चीवर बसलेला साथीदार होता. पोलिसांची खात्री करायची तर फोन ठेवून जवळच्या ठाण्यात जावं. खरा अधिकारी वाट पाहील आणि लेखी नोटीस देईल. कॅमेऱ्यासमोर अटकेत ठेवण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे केंद्र सरकारने वारंवार सांगितलंय. ईडीने तर आता आपल्या समन्सवर क्यूआर कोड आणि पासकोड छापायला सुरुवात केली आहे, त्यातून समन्स खरं की खोटं हे पडताळता येतं. इथेही माझी एक सूचना राहील. कागदावरचा क्यूआर स्कॅन करण्यापेक्षा `enforcementdirectorate.gov.in` स्वतः उघडून तिथे तपशील टाकावा. खोटं समन्स छापणारा खोटा क्यूआरही छापू शकतो, आणि तो स्कॅन केल्यावर येणारं पान ‘समन्स खरं आहे’ असंच सांगेल.

ओळखीच्या माणसाकडून आलेलं निमंत्रण अधिक नाजूक. पुण्यातल्या आत्याच्या नातवाचं, किंवा कार्यालयातल्या साहेबांचं व्हॉट्सॲप खातं कुणी बळकावलं असेल तर नंबर खरा, फोटो खरा, जुन्या गप्पाही खऱ्या. इथे त्याच चॅटमध्ये ‘तूच आहेस ना?’ विचारून काही हाती लागत नाही. साधा फोन करावा, व्हॉट्सॲप कॉल नव्हे. व्हॉट्सॲप खातं बळकावलं तरी सिम बहुतेक वेळा मालकाकडेच असतं. फोन लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं. चेहरा दिसला म्हणजे झालं, हा आधार हाँगकाँगनंतर उरलेला नाही. घरातलं एखादं असं काही विचारावं जे कुठे लिहिलेलं, पोस्ट केलेलं नाही. तेही फक्त तोवरचं, जोवर पैशांचा विषय निघालेला नाही. पैशांचा विषय निघाला की बैठक संपवून स्वतः फोन लावायचा, समोर साक्षात साहेब दिसत असले तरी.

या उपायांनाही मर्यादा आहेत. मोठ्या कार्यालयात रोज तीस निमंत्रणं येतात, प्रत्येकासाठी फोन करणारा माणूस कामावर टिकणार नाही. म्हणून चाळण निमंत्रण पाहताना लावण्यापेक्षा मागणी पाहताना लावावी. नुसती बैठक असेल आणि आत शिरायला काही उतरवायचं, टाकायचं नसेल, तर पत्ता वाचणं पुरेसं. फाइल, संकेतांक, ओटीपी, पैसे किंवा ‘कुणाला सांगू नका’ यापैकी एकही आलं की तिथे थांबून वेगळ्या वाटेने विचारायचं.

चूक होऊन गेली असेल तर ती कोणती यावर पुढचं पाऊल ठरतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून नातेवाइकांशी सल्लामसलत नंतर. संकेतांक टाकला असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करावं लागतं, नाहीतर आधीच आत शिरलेला आतच राहतो. आज्ञा चालवली किंवा फाइल उतरवली असेल तर संगणकाचं इंटरनेट तोडावं आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. नुसता फोन किंवा संदेश आला, नुकसान झालं नाही, तरी संचार साथीच्या ‘चक्षू’ सेवेत तो नंबर नोंदवता येतो.

स्काईप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. त्याआधीच, मे २०२४ मध्ये, केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने अशा खोट्या अधिकाऱ्यांची हजाराहून जास्त स्काईप खाती बंद केली होती. तरी नोव्हेंबरमध्ये अरेरा कॉलनीत कॉल आला तो स्काईपवरच. आता हेच कॉल व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर येतात, जे ॲप मुद्दाम डाउनलोड करायला सांगावं लागत नाही. अरेरा कॉलनीत त्या दिवशी निदान तेवढी एक विचित्र मागणी तरी दिसली होती.